फ्रंट लोड मशीन घरी आली, पण मागचे बोल्ट कोण काढणार?

भाऊ, पोराने पुण्याहून ऑनलाइन फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाठवली, परवा टेम्पोवाल्याने पडवीत आणून ठेवली न् गेला. कंपनीत फोन लावला तर म्हणे सेलूला माणूस यायला आठ दिवस लागतील. मागच्या बाजूला चार मोठे बोल्ट दिसतात, त्याच्यावर लाल स्टिकर आहे की आधी काढा म्हणून. आमच्या ह्यांचं म्हणणं, बोल्ट म्हणजे मशीनचा भाग, त्याला हात लावला तर वॉरंटी जाईल. शेजारच्या वहिनी म्हणतात हलक्या कपड्यांचा वॉश लावून बघा, तेवढ्याने काय होतंय. पडवीत शहाबादी फरशी आहे, न्हाणीकडे उतार आहे, पाण्याची टाकी स्लॅबवरच ठेवलेली आहे. आपणच बसवली तर चालेल का, आणि पहिला वॉश कसा लावायचा? आठ दिवस नवीन मशीन नुसती बघत बसायचं जिवावर येतंय.
— एक ताई, सेलू

ताई, आधी वहिनींच्या सल्ल्याचं बघू कारण तो सगळ्यात घातक आहे. हलका वॉश, भारी वॉश असला काही फरक बोल्टला कळत नाही, कुठलाही प्रोग्राम लावा, मध्ये नाहीतर शेवटी मशीन कपडे पिळणारच आणि पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो, नुसत्या हलक्या प्रोग्रामला थोडे कमी घेईल एवढंच. तेव्हा बोल्ट निघेपर्यंत प्लगच लावू नका, वायर गुंडाळूनच राहू द्या, घरात लेकरं असतील तर जास्तच.

ते बोल्ट कशाला असतात ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. फ्रंट लोड मशीनचा आतला टब पत्र्याच्या बॉडीला घट्ट बसवलेला नसतो, तो वरून स्प्रिंगांना पाळण्यासारखा टांगलेला असतो आणि खालून त्याला शॉकर असतात, म्हणजे पिळताना टब हलला तरी तो हादरा स्प्रिंगा न् शॉकर खाऊन टाकतात आणि बाहेरची बॉडी जागच्या जागी राहते. आणि टब हलका नाही बरं का, त्याला सिमेंटचे नाहीतर बिडाचे वजनाचे ठोकळे जोडलेले असतात, म्हणूनच तुमची मशीन उचलताना टेम्पोवाल्याची कंबर मोडली असणार, साधारण साठ-सत्तर किलोचा ऐवज असतो हा. आता असला टांगलेला टब कारखान्यातून निघून ट्रकमध्ये, मग आपल्या जिंतूर-सेलूच्या रोडवर टेम्पोत आदळत आला तर स्प्रिंगमधून निसटेल, काच फोडेल. म्हणून पाठीमागून चार लांब बोल्ट घालून टबला बॉडीशी जखडून टाकतात. बोल्टचं काम फक्त प्रवासापुरतं, त्याला ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. मशीन घरी पोहोचली की ते निघालेच पाहिजेत, नाहीतर पिळताना टबचा सगळा हादरा थेट पत्र्यात जातो.

वॉरंटीचं म्हणाल तर तुमच्या ह्यांना मॅन्युअल उघडून दाखवा, त्यात बोल्ट कसे काढायचे याची चित्रं दिलेली असतात आणि सोबत पाना पण दिलेला असतो. म्हणजे घरच्या माणसाने काढले तर कंपनीची हरकत नाही, उलट बोल्ट न काढता चालवून काही मोडलं तर ते वॉरंटीत धरत नाहीत, हे बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तरी एक करा, तुमची इन्स्टॉलेशनची तक्रार नोंदवलेली आहे ती रद्द करू नका, तो माणूस आठ दिवसांनी आला की त्याच्याकडून कार्डावर तारीख न् सही घेऊन टाका. फुकटात असतं ते, सोडायचं कशाला.

आता काढायचं कसं. आधी ड्रमचं दार उघडा, आत प्लास्टिकच्या पिशवीत पाइप, पाना, चार प्लास्टिकची झाकणं असलं काहीबाही ठेवलेलं असतं, ते सगळं बाहेर काढून एका परातीत ठेवा म्हणजे हरवणार नाही. पाना नसला तर हार्डवेअरच्या दुकानातून बोल्टच्या मापाचा आणा, बहुतेक वेळा दहा, बारा नाहीतर तेरा नंबरचा लागतो, रिंग पाना मिळाला तर बरं कारण साधा पाना घसरून बोल्टची कोपरं झिजतात आणि मग तो बोल्ट कुणाच्या बापाला निघत नाही.

मशीनची पाठ भिंतीपासून लांब घ्या, तुम्हाला मागे नीट बसता आलं पाहिजे. बहुतेक मशीनला चार बोल्ट असतात, काहींना तीनच असतात, तर मोजताना मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा, अंदाजाने नको. खालचे दोन आधी ढिले करा मग वरचे दोन, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये सांगतात आणि मलाही तेच बरं वाटतं. उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवायचं. बोल्ट पूर्ण सैल झाला, नुसता गरगर फिरायला लागला की त्याच्यासोबत जो रबराचा न् प्लास्टिकचा जाड तुकडा असतो तो धरून थोडा डावीकडे-उजवीकडे हलवत हळूच बाहेर ओढा.

गडबड होते ती इथेच. काही जण नुसता लोखंडी बोल्ट काढून घेतात आणि तो प्लास्टिकचा तुकडा आतच राहतो. बाहेरून बघितलं तर वाटतं झालं काम, बोल्ट तर हातात आले, पण तुकडा बॉडी न् टबच्या मधे अडकलेला, टब अजून जखडलेलाच. म्हणून हिशोब साधा ठेवा, चार बोल्ट निघाले तर चार तुकडे पण बाहेर आले पाहिजेत आणि परातीत जोड्या लावून ठेवल्या की चूक राहत नाही. तुकडा आत गळून पडला तर मशीन चालू करू नका, त्या भोकातून बॅटरी मारून बघा, दिसला तर पकडीने काढा, नाही दिसला तर तेवढ्यापुरती माणसाची वाट बघा.

एक गंगाखेडची केस सांगतो. एका घरी भाच्याने मशीन बसवून दिली, पोरगा हुशार, यूट्यूब बघून सगळं केलं, पण काढले तीनच. चौथा बोल्ट मागच्या सांडपाण्याच्या पाइपखाली होता, तो पाइप कारखान्यातून क्लिपने पाठीवर दाबून लावलेला असतो ना, त्याच्याआड बोल्टचं डोकं दिसलंच नाही त्याला. कपडे टाकले, वॉश झाला, काही आवाज नाही, सगळे खूश. धुताना ड्रम सावकाश फिरतो म्हणून तोपर्यंत काही कळत नाही. पहिल्यांदा पिळायला लागली आणि धाडधाड धाडधाड, मशीन फरशीवरून पुढे चालत आली, नळाचा पाइप ताणला गेला, घरातल्यांनी घाबरून बटन बंद केलं. मग काय केलं तर, नवीन मशीन अशीच आवाज करत असेल म्हणून वर जुन्या पाट्याचा दगड ठेवला न् परत चालवली! दोन-तीनदा असं चालल्यावर मला बोलावलं. मी मागचा पाइप क्लिपमधून सोडवला तर चौथा बोल्ट तिथे, वाकलेला, त्याच्याभोवतीचा पत्रा फाटायला आलेला, आत एक शॉकर कामातून गेलेला. बोल्ट वाकल्यामुळे पान्याने निघेना, कापून काढावा लागला. शॉकर बदलला, पैसे घरच्यांच्या खिशातून गेले कारण वॉरंटीत बसलं नाही. मशीन आता चालते पण पिळताना पहिल्यासारखी शांत नाही, मागचा पत्रा एकदा वाकला की वाकला. आणि दगडाचं म्हणाल तर वरून वजन ठेवून हादरा कमी होत नाही, तो दगडच कधीतरी पायावर पडतो.

म्हणून बोल्ट निघाल्यावर एक परीक्षा करा, याला पाना लागत नाही का काही लागत नाही. दार उघडून ड्रमच्या वरच्या कडेला आतून हात लावा आणि वर-खाली ढकलून बघा. बोल्ट असताना ढकललं तर अख्खी मशीनच हलते, ड्रम वेगळा हलतच नाही. सगळे बोल्ट निघाले असतील तर ड्रम स्प्रिंगवर मऊ हलतो, खाली जातो परत वर येतो, सगळ्या बाजूंना सारखा. एका बाजूला अडकल्यासारखा, कडक वाटला तर काहीतरी राहिलंय, मागे परत बघा. बोल्ट काढायच्या आधी पण एकदा ढकलून बघून ठेवा, म्हणजे फरक हाताला कळतो. मला विचाराल तर अख्ख्या बसवण्यात हीच परीक्षा मी कधी सोडत नाही.

मग ती भोकं उघडी ठेवू नका, पिशवीतली प्लास्टिकची झाकणं त्यात दाबून बसवा, टक्क आवाज येतो. पडवीत ठेवणार आहात तर हे जास्तच महत्त्वाचं, आपल्याकडे उंदरं किती ते काय सांगायचं, पिल्लू त्या भोकातून आरामात आत जातं आणि वायरी कुरतडतं. काही मशीनसोबत खालच्या बाजूला लावायचं एक झाकण पण येतं, ते आलं असेल तर लावाच, बॉक्ससोबत फेकू नका.

खालच्या बाजूवरून आठवलं, थर्माकोल. मशीन ज्या थर्माकोलच्या बैठकीवर उभी येते ती तर सगळे काढतात पण काही मॉडेलमध्ये त्या बैठकीच्या मधोमध एक ठोकळा वर आलेला असतो, तो टबला खालून आधार देतो आणि बैठक काढली तरी हा ठोकळा आतच अडकून राहतो. त्यासाठी मशीन थोडी वाकडी करून खाली बघावं लागतं, तर जुनी चादर नाहीतर पुठ्ठा अंथरून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर कलती करा, दाराच्या बाजूवर किंवा पाठीवर आडवी पाडू नका. एकट्याने हे करायचंच नाही, तुमच्या ह्यांना आणि अजून एका दांडग्या माणसाला हाताशी घ्या. थर्माकोलमुळे टबचा खालचा भाग अडकला तर आवाज बोल्टसारखाच येतो, माणूस बोल्ट मोजत बसतो न् कारण खाली असतं.

बोल्ट आणि तुकडे फेकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पिशवीत घालून त्यावर 'वॉशिंग मशीनचे बोल्ट' असं लिहून मॅन्युअलसोबत ठेवा. उद्या पोराकडे पुण्याला मशीन न्यायची झाली तर हेच परत लावावे लागतात. बोल्ट न लावता टेम्पोत नेलेल्या मशीनच्या स्प्रिंगा निसटलेल्या मी बऱ्याच बघितल्यात. पडवीतल्या पडवीत दोन फूट सरकवायला मात्र काही लागत नाही.

आता जागा. तुमच्या पडवीचा उतार हा तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे, बोल्टपेक्षा यातच जास्त वेळ जाईल. बोल्ट काढलेली मशीन वाकडी उभी असली तर टब एका बाजूला झुकतो, पिळताना हादरतो आणि तुम्हाला वाटेल बोल्टच राहिला. मशीनच्या पायांना आटे असतात, फिरवले की पाय लांब किंवा आखूड होतो, बहुतेक मशीनला चारही फिरतात, काहींना पुढचेच दोन. सुरुवातीला सगळे पाय पूर्ण आत घ्या, मग ज्या बाजूला फरशी खाली आहे तेवढेच पाय लांब करा. पाय जेवढे आखूड तेवढी मशीन घट्ट उभी राहते, चारही पाय लांब करून मशीन उंच करायची गरज नाही, उंच करून काही मिळत नाही.

समजा उतार न्हाणीकडे आहे आणि मशीनचं तोंडही न्हाणीकडे आहे. मशीन साधारण दोन फूट रुंद आणि दीड ते दोन फूट खोल असते, तेवढ्या अंतरात फरशी एक सेंटिमीटर उतरली असेल तर पुढचे दोन्ही पाय मागच्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त बाहेर काढावे लागतील. एवढं पायाने भागतं. उतार जास्त असेल, म्हणजे पाय इतके बाहेर काढावे लागतात की पायाचा आटा डोळ्याला लांबलचक दिसतो, तर थांबा आणि गवंड्याला सांगून तेवढ्या जागेवर सपाट ओटा करून घ्या, सिमेंट चांगलं वाळू द्या मगच मशीन ठेवा. पायाखाली पुठ्ठा, लाकडाची फळी, टाइलचा तुकडा घालून कुणी समपातळी करायला लागलं तर करू देऊ नका, पिळताना हे सगळं सरकतं. आणि बाजारात चाकाचे स्टँड मिळतात, फ्रिजखाली ठेवतात तसे, फ्रंट लोडखाली मला ते पटत नाहीत. मशीन बनवणारा एवढं वजन घालून मशीन जागेवर ठेवतो न् आपण तिला चाकं लावायची, हे काय लॉजिक.

समपातळी बघायला गवंड्याकडे असते ती बुडबुड्याची पट्टी उसनी घ्या, झाकणावर आडवी ठेवा, उभी ठेवा, मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ठेवा, बुडबुडा तिन्हीकडे मधे आला पाहिजे. मोबाइलमध्ये पण असतं ते, अंदाजापुरतं चालतं. पण पट्टी बरोबर दाखवते म्हणजे चारही पाय टेकलेच असं नाही, त्यासाठी समोरासमोरचे तिरके दोन कोपरे दोन्ही हातांनी आलटून पालटून दाबा, एक कोपरा खाली गेला न् टकटक केलं तर त्या तिरक्या जोडीतला एक पाय अधांतरी आहे, तो अर्धा-पाव फेरा लांब करा, परत दाबा. शहाबादी फरशीत असंच होतं, एक फरशी दुसरीपेक्षा जरा वर असते आणि नेमका पाय सांध्यावर येतो. जमलं तर मशीन चार बोटं इकडे-तिकडे सरकवून चारही पाय फरशीच्या मध्यावर घ्या. फरशी ओली न् शेवाळलेली असेल तर ती घासून कोरडी करून मगच मशीन ठेवा, नाहीतर रबरी पाय घसरतात.

सगळं जमलं की प्रत्येक पायावर एक नट असतो, तो वर बॉडीच्या पत्र्याला टेकेपर्यंत पान्याने घट्ट करा. पाय धरून ठेवा आणि नट फिरवा, दोन्ही सोबत फिरले तर केलेलं सगळं बिघडतं. हे नट आवळायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि महिन्याभरात हादऱ्याने पाय आपोआप आत सरकतात, मग बाई म्हणते मशीन आधी शांत होती आता वाजायला लागली. मशीन भिंतीला चिकटवू नका, मागे न् बाजूला बोटभर-दोन बोटं जागा पाहिजे आणि मागचे पाइप दाबले गेले नाहीत ना ते बघा.

पाण्याचं आता. टाकी स्लॅबवरच ठेवलेली म्हणजे पाण्याला जोर कमी असणार. टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब येतो, तुमच्याकडे टाकीचा तळ न् नळ यात फार तर दोन-अडीच मीटर अंतर असेल, म्हणजे पाव बारच्या आसपास, आणि पुष्कळ मशीनला कमीत कमी अर्धा बार, काहींना त्याहून थोडा कमी लागतो. तुमच्या मशीनला किती लागतो ते मॅन्युअलमध्ये दिलंय. घरगुती परीक्षा अशी की तोच नळ पूर्ण उघडून पंधरा लिटरची बादली भरा, दोन मिनिटांच्या आत भरली तर बहुतेक काम भागेल. चार-पाच मिनिटं लागत असतील तर मशीन पाणी घेता घेता थकून एरर दाखवेल आणि तुम्हाला वाटेल नवी मशीन बिघडली. अशा वेळी आधी नळाची तोटी आणि आतलं फडकं-गाळ बघा, मग टाकीखाली लोखंडी स्टँड घालून ती उंच करा नाहीतर लहान प्रेशर पंप लावा. बोअरचं पाणी असेल तर पाइप जोडायच्या आधी तो नळ उघडून बादलीभर पाणी वाहू द्या, नव्या लाइनमधली रेती, पीव्हीसीचा चुरा निघून जाऊ द्या, नाहीतर तो मशीनच्या मागच्या जाळीत जाऊन बसतो. पाइपचं रबरी वायसर आहे का बघा, हाताने आवळा, पान्याने जोर लावून प्लास्टिकचा आटा फोडू नका.

सांडपाण्याचा पाइप आपल्याकडे सगळे एकच करतात, न्हाणीच्या जाळीवर खाली सोडून देतात. टॉप लोडवाले तसंच करत आलेत म्हणून. पण फ्रंट लोडचा पाइप जमिनीवर सोडला तर पुष्कळ मशीनमध्ये वरून येणारं पाणी आपोआप खाली ओढलं जातं, एकीकडून पाणी भरतंय दुसरीकडून चाललंय, मशीन भरतच नाही आणि टाकी रिकामी. सेलूत पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हालाच माहीत, तेव्हा हे परवडणारं नाही. पाइपचं टोक जमिनीपासून साठ ते नव्वद सेंटिमीटर उंच असलं पाहिजे, म्हणजे दोन-तीन फूट. सोबत वाकडा प्लास्टिकचा हुक येतो, तो भिंतीला किंवा बेसिनच्या कडेला अडकवा, नाहीतर भिंतीलगत दोन फुटांचा पीव्हीसीचा उभा पाइप न्हाणीत सोडून त्याच्या तोंडात हा पाइप वीतभर आत घाला, तोंड कपडा कोंबून बंद करू नका, हवेला जागा पाहिजे.

लाइटचं थोडक्यात, पाणी गरम करायचा हीटर आत असतो, दोन हजार वॅटच्या आसपास ओढतो, म्हणून सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट पाहिजे, अर्थिंगसकट. एक्स्टेंशन बोर्डावर नको. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, पडवीतली ओली फरशी न् लोखंडी मशीन, इथे चालढकल नको. हेच एक काम मी तुम्हाला स्वतः करा म्हणणार नाही.

आता पहिला वॉश, आणि तो कपड्यांशिवाय. कारखान्यात मशीन पाणी घालून तपासलेली असते, आत थोडं पाणी, ग्रीस, रबराचा वास राहतो, पहिल्याच वॉशला पांढरा शर्ट टाकला तर डाग त्यालाच लागायचा. दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसा, साबणाच्या कप्प्यावर चिकटपट्टी असेल तर काढा, मग कॉटन साठ डिग्री किंवा टब क्लीन असा प्रोग्राम लावा, कप्प्यात फ्रंट लोडची पावडर किंवा लिक्विड नेहमीच्या निम्मं टाका. बादलीत कपडे भिजवायची साधी पावडर टाकू नका, तिचा फेस एवढा होतो की मशीन फेस विझवण्यातच वेळ घालवते.

तो वॉश चालू असताना टीव्ही लावून बसू नका, जवळ थांबा. पाणी भरताना मागचे जोड कोरडे आहेत का, पाणी सोडताना पाइप उडी मारून बाहेर येतो का ते बघा आणि मुख्य म्हणजे पिळायला लागली की झाकणावर तळहात ठेवा. रिकामा ड्रम असला की हादरा अगदीच कमी असतो, बारीक थरथर आणि वाढत जाणारा विमानासारखा सूं आवाज, एवढंच. रिकामी असतानाच दणदणत असेल, जागेवरून सरकत असेल तर लगेच थांबवा, प्लग काढा, आणि या क्रमाने बघा: चारही बोल्ट, चारही तुकडे, खालचा थर्माकोल, मग पाय. पुढची चक्कर हे सगळं बघितल्याशिवाय लावायची नाही.

रिकामी शांत चालली आणि कपडे टाकल्यावर हादरली तर ते वेगळं. एकटी ओली वाकळ किंवा एकच जाड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होते, मशीन पिळायच्या आधी थांबते, उलटसुलट फिरवून कपडे पसरवायचा प्रयत्न करते, घड्याळात नऊ मिनिटं दिसतात न् ती नऊची आठ होत नाहीत. काही मशीनवर UE असं येतं. हा बिघाड नाही, दार उघडायला मिळालं की कपडे मोकळे करा, दोन-चार टॉवेल सोबत टाका. ड्रम तीन चतुर्थांश भरलेला असताना ती सगळ्यात नीट पिळते, गच्च कोंबला तरी नाही न् एकटा टॉवेल टाकला तरी नाही.

बोअरच्या खाऱ्या-जड पाण्यात साबण जरा जास्त लागतो आणि हीटरवर पांढरा थर धरतो, त्याची पावडर मिळते, मशीनच्या कंपनीने सांगितली तीच अधूनमधून रिकाम्या ड्रमला लावा. पंधरा-वीस दिवस वापरल्यावर नळ बंद करून मागचा पाणी यायचा पाइप सोडवा, आतली जाळी पकडीने ओढून धुवा आणि त्याच वेळी खाली बसून पायांचे नट एकदा आवळून घ्या, नव्या मशीनला बूड जमवायला तेवढा वेळ लागतो.